शिल्लक रजेचं पत्रक

माणूस कसा आहे हे त्याच्या जेवणावरून कळतं म्हणतात. मला ते त्याच्या रजेवरून कळायचं. सोलापुरात एका गिरणीच्या हापिसात मी बरीच वर्षं कारकून होतो आणि त्यातली पहिली काही वर्षं हजेरीचं मस्टर आणि रजेचं बुक माझ्या ताब्यात होतं. ही गोष्ट तीस सालच्या आसपासची. खात्यांत यंत्रांवर राबणाऱ्या लोकांना तेव्हा पगारी रजा कसली ती ठाऊक नव्हती. गैरहजर राहिलं की रोज बुडाला. रजेचं सुख होतं ते आम्हा अकरा कारकुनांना, आणि त्या सुखाचं काय करायचं हे अकरांपैकी एकालाही कळत नव्हतं.

नियम साधे होते. एक महिना पुरा भरला की दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला दीड दिवसाची रजा नावावर जमा. म्हणजे वर्षाला अठरा दिवस. एकतीस डिसेंबरला जी शिल्लक उरेल तिच्यातले जास्तीत जास्त बारा दिवस पुढच्या साली ओढायचे, त्यावरचे बुडाले. एका दिवशी हापिसातले दोघंच रजेवर जाऊ शकत. आणि रजेच्या दोन दिवसांच्या मध्ये एखादी सुट्टी सापडली तर तीही रजेतच धरायची. सारं छापील कागदावर होतं आणि तो कागद मी लेईनं पुठ्ठ्यावर चिकटवून माझ्या टेबलासमोर टांगला होता.

पण नियम वाचतो कोण! आमच्या लोकांना रजा म्हणजे माळ्यावरचं लोणचं वाटायचं. उरलेलं असलं की बरं वाटतं, मग बुरशी येईना का. ताप अंगावर काढतील, मुलाच्या मुंजीला सकाळी अक्षता टाकून नऊ वाजता हापिसात हजर होतील, पण रजा खर्चणार नाहीत. "राहू द्या की, लागंल कधी तरी." हे 'कधी तरी' उगवायचं डिसेंबरात. मग अकराच्या अकराजण एकाच आठवड्याची रजा मागायचे, दोघांना मिळायची आणि नऊजण तोंड पाडून बसायचे.

यात सगळ्यांत मोठे साठेबाज होते आमचे काटेवाले. कापसाच्या गासड्या आल्या की फाटकातल्या काट्यावर त्यांचं वजन करून घ्यायचं, हे त्यांचं काम. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. घर बाळीवेशीत, शेत वळसंगला, घरात कानडी आणि हापिसात मराठी. त्यांचा हिशेब दरसाल तोच: मागचे बारा दिवस, त्यात वर्षाचे अठरा, झाले तीस. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाच घ्यायचे, वर्षभरात आजारपणाचा एखादा. उरले चोवीस. त्यातले बारा पुढं, बारा बुडीत. अकरा वर्षं हा माणूस वर्षाला बारा दिवस सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडत आला होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मला वाटत होतं. मी मूळचा बार्शीचा, वाण्याच्या शेजारात वाढलेला. काही वाया गेलेलं पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. आणि दुसरा दोष असा की मला कागद स्वच्छ लागतो. वेडीवाकडी रेघ, खाडाखोड, शाईचा ठिपका दिसला की मी पान फाडून नवं लिहायला घेई. माझी बायको म्हणायची, "तुमच्या मस्टरला दृष्ट काढायला हवी." मला ती स्तुतीच वाटायची.

रजेचं बुक हाती आलं त्या पहिल्याच वर्षी दिवाळी संपल्यावर मी एक तक्ता केला. प्रत्येकाच्या नावापुढं तीन आकडे: आजची शिल्लक, पुढं जाणारी आणि बुडणारी. बुडणारी लाल शाईत. तो मी भिंतीवर लावला आणि दुपारच्या चहाला सगळ्यांना त्याच्यासमोर उभं करून चक्क कीर्तन केलं. अहो, हे दिवस तुम्ही कमावलेत. पुरं वर्ष राबून कमावलेत. ते असे सोडून देताय? नोव्हेंबरपासून दोघादोघांनी पाळीनं जा, म्हणजे एकाचाही दिवस बुडणार नाही.

स्टोअरवाले आमच्यात सगळ्यांत वडीलधारे. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, बोलण्यात मोठे मिश्किल. ते तक्त्याकडं बघत म्हणाले, "बार्शीवाले, आजवर आमची रजा सुखानं मरत हुती. तुमी तिला लाल कपडा घालून भितीवर बसवलं. आता कशी झोप लागंल वो?"

पण कीर्तन लागू पडलं. नोव्हेंबरात दोघे गेले, मग आणखी दोघे. काटेवाल्यांनीसुद्धा दोन हप्त्यांत मिळून बारा दिवस घेतले. वळसंगला जाऊन शेताचा बांध घातला, मुलांना हुरड्याला नेलं आणि उन्हानं काळे होऊन परत आले. "बार्शीवाले," ते म्हणाले, "माझी धाकटी पोरगी मला पैल्यांदाच दिवसा इतकी बघत हुती. लई हसत हुती." त्या दिवशी मी घरी गेलो तो जमिनीपासून चार बोटं वरूनच.

आता काटेवाल्यांचे बरोबर बारा दिवस शिल्लक उरले होते, आणि त्यातल्या पाचांना त्या वर्षी सोन्याचं मोल होतं. संक्रांतीच्या गड्ड्यात सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्या निघतात. चारपाच पुरुष उंचीची ती काठी कमरेच्या पट्ट्यात उभी पेलून गावातून न्यायची. काटेवाल्यांच्या भावकीत एक काठी पेलण्याची पाळी घराघरांतून फिरत असे. त्यांच्या घराची पाळी चार वर्षांनी यायची. मागच्या पाळीपर्यंत त्यांच्या वडिलांनी काठी पेलली होती. मधल्या काळात म्हाताऱ्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आता ओट्यावर बसवलं की बसायचे, एवढंच. या वर्षी काठी मुलानं घ्यायची, आणि ती बापानं ओट्यावरून बघायची. चार वर्षांनी ओट्यावर कुणी बसलेलं असेल का, हे काटेवाले बोलत नसत; पण हापीस सुटल्यावर ते रोज सरावाला जात आणि सकाळी दंड चोळत येत.

आता माझा पराक्रम सांगतो.

छापील नियमात एक ओळ होती: शिल्लक रजा पुढं ओढायची तर वर्ष संपण्यापूर्वी पत्रकावर साहेबांची सही हवी. ती नसेल तर सगळी शिल्लक बुडीत, बारा काय नि एक काय. माझ्याआधीचे रजेचे कारकून हे पत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच, आकडे कच्चे असतानाच, सहीला ठेवत आणि मागाहून कमीजास्त करत. त्यांची खाडाखोड मी जुन्या पत्रकांत पाहिली होती आणि मला किळस आली होती. मी ठरवलं, माझं पत्रक एकटाकी जाणार.

दहा डिसेंबरला पत्रक तयार झालं. अकराला एकानं दोन दिवसांची रजा टाकली, आकडा बदलला, मी नवं पत्रक लिहिलं. तेराला आणखी एकानं टाकली. पुन्हा नवं. माझ्याच कीर्तनाचा हा प्रसाद! रोज कुणी ना कुणी रजेवर जाई आणि मी रोज रात्रीच्या जेवणानंतरही तेच पत्रक पुन्हा लिहीत बसे. विसाव्या तारखेला पाचवं पत्रक झालं. ते इतकं देखणं होतं की मी ते दोन पुठ्ठ्यांत घालून खणात ठेवलं. साहेब नाताळासाठी दरसाल चोवीस तारखेला मुंबईला जात. तेविसाला शेवटचे आकडे भरून सही घेऊ, असं मी ठरवलं.

त्या साली साहेब बाविसाच्या गाडीनं गेले.

तेविसाला त्यांच्या खोलीचं कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं. पण मग मनाची समजूत घातली. एक तारखेला साहेब येतील, मागची तारीख घालून सही करतील, त्यात काय एवढं? शिवाय माझेही आठ दिवस लाल शाईत होते. सगळ्यांना उपदेश करणाऱ्यानं आपले दिवस बुडू द्यायचे हे कसं दिसतं! चोवीसच्या सकाळी बायकोला घेऊन मी बार्शीला गेलो. सासुरवाडीत आठ दिवस बाजरीची भाकरी आणि लोणी खाल्लं. इकडं खणात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, अकराजणांची शिल्लक शांतपणे मरत पडली होती.

एक तारखेला साहेबांनी पत्रक दोन बोटांत धरून वाचलं. साहेब कडक होते, पण आरडाओरडा करणारे नव्हते, हेच वाईट. ओरडणाऱ्याला निदान मनातल्या मनात शिव्या देता येतात.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "तारीख कोणती घालू?"

"एकतीस, साहेब."

"एकतीसला मी मुंबईत होतो. मुंबईच्या कचेरीत बसून मी सोलापूरच्या पत्रकावर सही केली असं लिहू?" त्यांनी पत्रक परत माझ्यापुढं सरकवलं. "वर्ष संपलं. ही रजा बुडाली. बुकात तसं लिहा."

मी बुकात तसं लिहिलं. अकरा वेळा लिहिलं. लाल शाईत, सरळ रेघेत.

हापिसात काय झालं ते सविस्तर सांगत नाही. दोघांनी बोलणं टाकलं. एकानं माझा भिंतीवरचा तक्ता काढून त्याचा चेंडू केला आणि माझ्याच टेबलावर ठेवला. स्टोअरवाले फक्त एवढंच म्हणाले, "आधी अर्धी मरत हुती. तुमी पुरी मारली."  काटेवाले मात्र काट्यापाशी गेले, वजनाचे दगड एकावर एक रचले, परत उतरवले, परत रचले. मी जवळ गेलो तर खाली बघत म्हणाले, "चुलत्याकडं निरोप धाडाय पायजे. काठी त्यांचा पोरगा घ्येईल."

"थांबा हो. बिनपगारी रजा मागू."

"जानेवारीत? गोदामाची मोजदाद चालू हाय. गेल्या साली बिगर रजेचे दोन दिवस ऱ्हायला म्हणून रंगखात्यातल्या कारकुनाला काडला, तुमीच त्याचं नाव मस्टरातनं खोडलं की. घरात सा तोंडं हायत माझ्या." मग म्हणाले, "बाला कसं सांगू, त्येवडं सांगा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारचा डबा मी उघडलाच नाही. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नियमानं घालवलंत ना? मग नियमातच शोधा. नाहीतरी तो कागद तुम्हाला देवासारखा आहे." ती चिडून म्हणाली होती, पण मी तो सल्ला म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरचा कागद मी शंभर वेळा वाचला असेल. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. महिना पुरा भरल्यावर रजा जमा होते ती दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला! डिसेंबर कधी पुरा भरला? एकतीसच्या संध्याकाळी. त्याचा दीड दिवस जमा कधी होणार? एक जानेवारीला. म्हणजे तो जुन्या सालात बुडूच शकत नाही, कारण तो जुन्या सालात जन्मालाच आला नव्हता. मागची बुकं काढून पाहिली. दरसाल असंच लिहिलेलं होतं: एक जानेवारी, डिसेंबरबद्दल जमा, दीड. माझ्या लाल शाईच्या दुःखात मी ती नोंदच करायची विसरलो होतो.

प्रत्येकाच्या नावावर दीड दिवस होता तर. पण काटेवाल्यांना हवे होते पाच. मी पंचांग घेऊन बसलो. भोगीच्या आदल्या दिवशी काठ्या शहरातल्या सगळ्या लिंगांना तेल घालायला निघतात. तो दिवस त्या साली रविवार, सुट्टी. भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, तो कामाचा दिवस, एक रजा. संक्रांतीला होम, गिरणीला सुट्टी. किंक्रांतीला शोभेची दारू, काठ्या निघायच्या दुपारनंतर, अर्धी रजा. शेवटच्या दिवसाचं जे काही ते संध्याकाळी, हापीस सुटल्यावर. एक आणि अर्धा. दीड!

मी खुर्चीतून उठलोच. पण लगेच खाली बसलो, कारण पुठ्ठ्यावरचा शेवटचा नियम माझ्याकडं बघत होता. रजेच्या मध्ये सापडलेली सुट्टी रजेतच धरायची. भोगीला रजा, किंक्रांतीला रजा, मधली संक्रांत गेली रजेत. अडीच झाले. मात्र किंक्रांतीची रजा अर्धीच होती. सकाळचा अर्धा दिवस काटेवाले हापिसात हजर असले, तर भोगीची रजा संक्रांतीच्या अलीकडंच संपते. संक्रांत मध्ये सापडत नाही, नुसती शेजारी बसते. सगळं त्या एका सकाळवर आलं. किंक्रांतीला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या आत मस्टरावर सही. मी त्या वेळी मस्टराखाली लाल रेघ ओढत असे. रेघेखाली गेलेल्याची सकाळ गैरहजर. सही चुकली की संक्रांत रजेत, शिल्लक संपलेली, आणि मोजदादीत बिगर रजेचा माणूस.

साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. बोटांवर मोजलं. मग त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

"बसतंय नियमात," ते म्हणाले. "हे डोकं डिसेंबरात कुठं होतं?"

"बार्शीला, साहेब."

"काटा कोण बघणार?"

"मी."

एक अडचण उरली होती. भोगीच्या दोन जागा आधीच गेल्या होत्या. दीड दिवसाची बातमी कळताच दोघांनी अर्ज टाकले होते. त्यातला एक अर्ज स्टोअरवाल्यांचा. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अक्षता म्या पन्नास बगितल्या असतील," ते म्हणाले. "आन आमी बघ्ये लोक. ह्यो धरणारा. काडा माझा अर्ज." आणि वर, "तुमच्यासाठी न्हाय हं, त्येच्या बासाठी."

काटेवाल्यांना सगळा हिशेब मी जमिनीवर खडूनं काढून दाखवला. त्यांनी उकिडवं बसून त्या आकड्यांवर बोट फिरवलं. "म्हंजी किंक्रांतीची सकाळ तेवडी गाठाय पायजे."

"तेवढी गाठा. पाया पडतो तुमच्या."

भोगीला मी काट्यावर उभा होतो. ते काम माझ्यासारख्याचं नव्हे. दोन गासड्या चढवताना माझ्या धोतराचा सोगा साखळीत अडकला, हमाल हसून हसून खाली बसले, आणि गाडीवान म्हणाला, "वजन गासडीचं घ्येताय का तुमचं?" गावात हलगी आणि नगारे वाजत होते, वाऱ्यावर आवाज येई, जाई. फाटकाबाहेर एका काठीचं नुसतं टोक घरांवरून सरकताना मला दिसलं, बस्स. ती कुणाची ते कळलं नाही. मी आपलं ती त्यांचीच असं धरून चाललो.

किंक्रांतीला मी साडेआठलाच फाटकात जाऊन उभा राहिलो. आदल्या दिवशी होम झाला होता. काठ्या रात्री उशिरा परतल्या, असं येणारा जाणारा सांगत होता. तीन दिवस काठी पेलून दमलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकली की उठतोय कसला! पावणेनऊ झाले. बाकीचे एकेक आले, सह्या केल्या. नऊचा भोंगा झाला. बाळीवेशीकडून येणाऱ्या रस्त्यावर मी इतके डोळे लावले की प्रत्येक पांढरं धोतर मला तेच वाटायला लागलं. नऊ वाजून पाच. माझ्या एका हातात मस्टर, दुसऱ्या हातात लाल शाईचा टाक. आणि साहेब वरच्या खिडकीत घड्याळ बघत उभे.

कबूल करतो, रेघ जरा उशिरा ओढावी असं माझ्या मनात आलं. माझ्या मनात! एका ठिपक्यासाठी पान फाडणाऱ्याच्या!

तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी जवळ आला. "कुनाची वाट बगताय?"

"काटेवाल्यांची."

"ते तर पाटंपासनं हितंच हायत की! म्हनले, घरी झोपलो तर उटायचो न्हाय. कापसाच्या गोदामात पडल्यात."

मी पळालो. मस्टर पोटाशी धरून, टाकातली शाई अंगरख्यावर उडवत, अख्ख्या हापिसासमोरून पळालो. गोदामात गासड्यांच्या दोन रांगांमध्ये काटेवाले पांढऱ्या बाराबंदीत उताणे झोपले होते. कपाळावर भस्म, तोंड उघडं. कमरेच्या पट्ट्याच्या जागी बाराबंदी चोळामोळा झाली होती आणि दोन्ही तळहात सोलवटून निघाले होते. मी खांद्याला धरून हलवलं. उठेनात. शेवटी ओरडलो, "अहो, सही!"

ते दचकून उठून बसले. मी टाक दिला. लाल शाईचाच होता. दुसरा आणायला वेळ कुठं? त्यांनी तो सुजलेल्या बोटांत कसाबसा धरला आणि मस्टर गासडीवर ठेवून सही केली. ती दोन नावांच्या मधून तिरकी, वर चढत गेली. नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी तिथंच, गुडघ्यावर मस्टर ठेवून, तिच्याखाली रेघ ओढली.

मग मी त्यांच्या शेजारी गासडीला टेकून बसलो.

"बानं बगितलं," ते म्हणाले. "ओट्यापाशी काठी थांबीवली. बा बोलत न्हाय तुमाला ठावं हाय. डावा हात वर केला. मग लई रडला वो." असं म्हणताना ते हसत होते आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून ते आणखी हसले. मग विचारलं, "तुमी बगितली का काठी?"

"टोक बघितलं. काट्यावरून."

"नुस्तं टोक?" त्यांना ते खरंच वाईट वाटलं. जरा विचार करून ते म्हणाले, "फुडच्या साली पाळी चुलत्याच्या घरची. मी मोकळा हाय. भोगीचा अर्ज तुमी टाका. काट्यावर मी ऱ्हाईन."

त्या वर्षी आम्ही सारे कफल्लक होतो; महिना भरला की दीड दिवस, तोही जपून. पण गंमत अशी की कफल्लक झाल्यावरच आमच्या लोकांना रजा वापरता यायला लागली. साठवायला काही नसल्यामुळं प्रत्येकजण आधी विचार करी: चैत्रात एक, पावसाळ्यात लावणीला दोन, पोरीच्या बारशाला एक. मार्चमध्येच मी कोरा तक्ता टांगला आणि ज्यानं त्यानं आपले दिवस आपल्या हातानं भरले, दोघांच्या वर एकही चौकोन गेला नाही. दिवाळीपर्यंत सगळ्यांचं थोडं खाऊन थोडं उरलं होतं. डिसेंबरच्या पाच तारखेला, आकडे कच्चे असताना, मी पत्रक साहेबांपुढं ठेवलं. त्यात पुढं सात ठिकाणी खाडाखोड झाली. प्रत्येकाची शिल्लक मात्र नव्या सालात आली.

आणि भोगीला मी रजा घेतली. एक दिवसाची. सासुरवाडीसाठी नाही, बुडते म्हणूनही नाही. बायकोला घेऊन सकाळीच बाळीवेशीत गेलो. काटेवाल्यांच्या घरच्यांनी तिला आत नेलं. ओट्यावर म्हातारबुवा बसले होते, अंगावर घोंगडी, तोंड रस्त्याकडं. मला कुठं बसावं कळेना, म्हणून मी खालीच उभा राहिलो. म्हाताऱ्यानं माझ्याकडं वळून बराच वेळ पाहिलं. माझ्याविषयी त्यांना काय सांगितलेलं होतं कोण जाणे. लांबून हलगी ऐकू यायला लागली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं आपली घोंगडी ओढून घेतली आणि ओट्यावर माझ्यापुरती जागा केली.